डब्यातली जुनी कार्डं टाइप करताना : एका पुसट नावाच्या निमित्तानं

डबा उघडल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही वाचू नका. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं. वरचंच कार्ड हातात घेऊन "बघू काय लिहिलंय" म्हणत आपण खिडकीपाशी जातो, मग दुसरं काढतो, तिसरं काढतो, आणि तासाभरात डब्यातला मूळ क्रम कायमचा मोडतो. तो क्रम पुढे किती उपयोगी पडतो, हे मला एका नावापायी कळलं. ती गोष्ट ओघात येईलच.

आमच्या घरी बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर पायी बटवडा करणारे पोस्टमन होते. निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यात आलो, तेव्हा हा डबा सामानातून आला. आत त्रेसष्ट पोस्टकार्डं निघाली. बहुतेक सगळी माझ्या मधल्या चुलत्यांनी, आप्पाकाकांनी, परळच्या गिरणीत असताना माझ्या आजोबांना टाकलेली. अण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मी टाइप करायला बसले ती त्यांना वाचून दाखवता यावीत म्हणून. तुमच्याकडेही असा डबा असेल आणि हे काम पहिल्यांदाच करत असाल, तर मी जसं केलं, आणि जिथं चुकले, ते क्रमानं सांगते.

आधी नंबर, मग वाचन

स्वच्छ, कोरडं टेबल घ्या. कार्डं डब्यात जशी रचलेली असतील तशीच वरून एकेक उचला. प्रत्येक कार्ड कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा आणि नंबर त्या घडीवर लिहा, कार्डावर नको. सगळ्यात वरचं एक, त्याखालचं दोन. मग दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि फाइलच्या नावात तोच नंबर ठेवा. पत्त्याच्या बाजूला `041-a.jpg`, मजकुराच्या बाजूला `041-b.jpg`, एवढं पुरतं. कार्डांवरच्या तारखांप्रमाणे लावायचा मोह होईल, पण ते काम नंतर यादीत करता येतं. डब्यातला क्रम मात्र पुन्हा मिळत नाही.

दोन कार्डं एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढू नका. डब्याच्या गंजानं कडा खाल्लेल्या असतात, तिथं आधी कार्डाचा पापुद्रा निघतो आणि त्याबरोबर अक्षरंही जातात. चिकटलेली जोडी तशीच ठेवून तिला एकच नंबर द्या. आणि काही झालं तरी ओलं फडकं लावू नका. याचं कारण शाईत आहे.

त्या काळातली कार्डं तीन प्रकारांनी लिहिलेली सापडतात: टाकानं किंवा फाउंटन पेननं, बॉलपेननं, आणि कॉपिंग पेन्सिलीनं. ही तिसरी नव्या पिढीला माहीत नसते. पोस्टात, रेल्वेत, गिरणीच्या हजेरीवर ती सर्रास असायची. दिसायला साधी करडी पेन्सिल, पण तिच्या शिसात रंग मिसळलेला असतो. पाणी लागलं की अक्षर जांभळं होऊन पसरतं. लोक टोक जिभेला लावून लिहायचे आणि अण्णांच्या वयाच्या माणसांना ती जांभळी जीभ अजून आठवते. कार्डावर करड्या अक्षरांमध्ये मध्येच एखादा शब्द जांभळा दिसला, तर ओळखा की ती कॉपिंग पेन्सिल आहे. तिथं ओलसर बोट जरी लागलं तरी शब्द गेला.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा. पुसट जागा असेल तर आणखी एक फोटो वेगळ्या पद्धतीनं काढा. खोली अंधारी करा आणि टॉर्च कार्डाच्या पातळीला जवळजवळ आडवी धरा. पेन्सिल आणि बॉलपेन दाबून लिहिलेलं असतं, त्यामुळे रंग गेला तरी कागदात चर राहतो. आडव्या उजेडात त्या चराची सावली पडते. टाकाच्या लेखनात हे फारसं साधत नाही, कारण निबाचा दाब कमी असतो.

टाइप करताना सुधारू नका

मराठी कीबोर्ड कोणताही चालेल, इनस्क्रिप्ट असो की उच्चारावर चालणारा. फक्त मजकूर युनिकोडमध्ये असू द्या. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या मशिनवर वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. आणखी एक, शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद करा. आप्पाकाकांनी "कांहीं" लिहिलं की माझा फोन त्याचं "काही" करायचा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधी शाळा शिकलेली माणसं पुढेही वर्षानुवर्षं ते देत राहिली. "नाहीं", "तेव्हां", "घरांत" हे सगळं जसंच्या तसं यायला हवं. कार्डावर ओळ जिथं संपते तिथंच तुमचीही ओळ संपवा, म्हणजे नंतर फोटोशी ताडून बघताना बोट चुकत नाही.

वाचता न आलेल्या जागेसाठी एकच पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मी चौकोनी कंसात `[?]` वापरते. अंदाज असेल तर अंदाज आणि पुढे प्रश्नचिन्ह. अजिबात लागलं नाही तर `[अवाच्य]`, आणि शक्य असेल तर किती अक्षरांची जागा आहे तो आकडा. हे चिन्ह कंटाळून गाळलं की काय होतं, ते मी पुढे सांगणारच आहे.

संक्षेपांबद्दल सावध राहा, कारण जुनं कार्ड निम्मं त्यांनीच भरलेलं असतं. पत्त्यात "मु. पो." म्हणजे मुक्काम पोस्ट. सुरुवातीला "ती. स्व." म्हणजे तीर्थस्वरूप, "सा. न. वि. वि." म्हणजे साष्टांग नमस्कार विनंति विशेष. शेवटी "लो. अ." म्हणजे लोभ असावा, "ता. क." म्हणजे ताजा कलम. नावाआधी "रा. रा.", "चि.", "सौ." आणि विधवा बाईच्या नावाआधी "गं. भा.", म्हणजे गंगाभागीरथी. हे मजकुरात उलगडून लिहू नका. उलगडा खाली टिपेत द्या. मला हे सगळे संक्षेप पाठ होते, तरीही मी त्यातल्याच एकावर अडखळले.

वर्ष कसं लावायचं

पुष्कळदा माणूस फक्त "ता. २०-१२" लिहितो. त्याला वर्ष माहीत असतं, ते लिहायची गरज वाटत नाही. अशा वेळी पत्त्याची बाजू बघा. कार्डावर साधारण दोन शिक्के असतात, एक टाकलेल्या पोस्टाचा आणि एक बटवड्याच्या पोस्टाचा. एकातलं वर्ष पुसलेलं असलं तर दुसऱ्यात मिळतं. दोन्ही गेले तर पत्ता वाचा.

आमच्या भागाला इथं एक सोय आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९६० साली दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला आणि उत्तर साताऱ्याला पुन्हा नुसतं सातारा म्हणू लागले. त्यामुळे तासगावच्या किंवा वाळव्याच्या पत्त्यात "जि. द. सातारा" दिसलं, तर कार्ड बहुधा त्या अकरा वर्षांतलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात "मुंबई १२" असा विभागाचा आकडा असायचा आणि पुढे तोच पिनच्या शेवटी गेला, परळचा ४०००१२. कार्डावरच्या छापील तिकिटात आणे असतील तर ते १९५७च्या आधी छापलेलं, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला नवे पैसे आले.

यातला कुठलाही पुरावा एकट्यानं पक्का धरू नका. पिनकोड नाही म्हणजे कार्ड बहात्तरच्या आधीचं, असं होत नाही. अण्णा सांगतात, पिन सुरू झाल्यावरही खेड्यातल्या पत्त्यांवर तो यायला कितीतरी वर्षं लागली. पिन आहे म्हणजे नंतरचं, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

नंबर एक्केचाळीस

आता ते नाव. एक्केचाळीस नंबरचं कार्ड कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं. तारीख २०-१२, वर्ष नाही. शिक्क्यांत डिसेंबर दिसतो, वर्षाच्या जागी डाग. पत्त्यात "जि. सातारा", पिन नाही. म्हणजे ढोबळमानानं १९६० ते बहात्तरच्या आसपास. मधल्या ओळीत पाणी लागून एक जांभळा ढग झालेला. मी पहिल्या वेळी टाइप केलं ते असं:

```
ती. स्व. आबांस सा. न. वि. वि.
आपलें कार्ड पोंचलें. झालें तें आपल्या
हातीं नव्हतें. गंगा वहिनींच्या नांवानें
वेगळी मनिऑर्डर केली आहे. त्यांना
एकटें ठेवूं नये.
```

"गंगा" हा शब्द ढगातला. मी तो असा लावला. वर शिरोरेघ शिल्लक होती. पहिल्या अक्षरावर एक टिंब होतं. आडव्या टॉर्चमध्ये शिरोरेघेखाली उभ्या दंडांचे चर दिसत होते, ते मोजले तर तीन. पुसट शब्द वाचायला दंड मोजणं ही फार चांगली युक्ती आहे, कारण हात घाईत असला तरी दंड सहसा गाळत नाही. "शांता" असती तर दंड चार भरले असते: श, काना, त, काना. "चंद्रा" असती तर दोनच, कारण द ला पूर्ण दंड नसतो. तीन दंड आणि पहिल्यावर टिंब म्हटल्यावर गंगा, चंपा, अंबा हे तिन्ही बसत होते. त्यातलं ओळखीचं म्हणून मी गंगा घेतलं. प्रश्नचिन्ह घातलं नाही. दंड मोजून अक्षर नक्की होत नाही, फक्त न बसणारी नावं बाजूला पडतात. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग दुसरी चूक. मी अण्णांना विचारलं, "गंगावहिनी कोण?" त्यांनी बराच विचार केला. आप्पाकाकांना दोनच वहिन्या म्हणण्यासारख्या, एक सख्खी आणि एक चुलत. चुलतवहिनीचं नाव वेगळंच. सख्खी वहिनी म्हणजे थोरल्या काकांची बायको, जिला मी मोठी आई म्हणायचे. तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं निराळी. "आपल्यात गंगा कुणी नाही," असं म्हणून त्यांनी भावकीतल्या दोन घरी फोन करायला लावला. तिथंही कुणी नाही. आठवडाभर मी एका न झालेल्या बाईला शोधत होते. मी त्यांना कार्डावरचं नाव विचारलंच नव्हतं, माझं वाचन विचारलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारताना आपला अंदाज आधी सांगू नये. नजर अधू असेल तर फोटो मोठा करून दाखवावा, तेही जमत नसेल तर मागची पुढची ओळ वाचून पुसट जागी थांबावं.

उलगडा झाला तो डब्यातल्या क्रमामुळे. कॉपिंग पेन्सिलीचं अक्षर ओलं असताना दुसऱ्या कागदावर दाबलं की तिथं त्याचा उलटा ठसा उठतो. कचेऱ्यांत नकला काढायला हाच गुण वापरत. एक्केचाळीस भिजलं तेव्हा त्याच्या पोटाला बेचाळीस होतं. मी बेचाळीसचा फोटो पुन्हा उघडला. कडेला फिकट जांभळी रेघोटी होती, जी मी आधी डाग म्हणून सोडून दिली होती. फोनमध्ये फोटो आरशासारखा उलटवला, म्हणजे एडिटमधलं `Flip`, आणि मग काळापांढरा केला. तुमच्या अॅपमध्ये काळापांढरा करताना रंग निवडता येत असेल तर हिरवा निवडा, जांभळं त्यात जास्त गडद उठतं.

ठशात तेच तीन दंड दिसले. पण पहिल्या दंडानंतर शिरोरेघ तुटत होती. तिथं खाली एक ठिपका होता, जो मूळ कार्डावर ढगात विरघळला होता. आणि दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ नव्हतीच, ती दंडाजवळ सुरू होत होती. देवनागरीत असं डोकं उघडं असणारी अक्षरं थोडी आहेत. ध आणि भ ही त्यातली नेहमी भेटणारी. म आणि भ मधला, घ आणि ध मधला फरक त्यानंच कळतो. काही माणसं घाईत सगळ्या शब्दावरून एकच रेघ ओढतात, म्हणून आधी लिहिणाऱ्याची सवय तपासावी लागते. मी आप्पाकाकांच्या बाकी कार्डांतले "भाऊ", "भात", "भाडें" असे अकरा भ काढून बघितले. अकराही वेळा त्यांनी डोकं उघडं ठेवलं होतं. उलट त्यांचा ग पूर्ण झाकलेला.

म्हणजे शब्द "गंगा" नव्हता. "गं. भा." होता. दंड तेच तीन: ग, भ, काना. टिंबही तिथंच. मी ज्याला नाव समजून घराघरांत फोन केले, ते नाव नव्हतंच.

तपासायला आणखी एक जागा होती. त्यांनी वहिनीचा उल्लेख कुठं कुठं केलाय ते मी शोधलं. युनिकोडमध्ये टाइप केल्याचा फायदा इथं दिसतो, "वहिनी" शोधलं की सगळ्या ओळी समोर येतात. तारीख लागलेल्या जुन्या कार्डांत प्रत्येक वेळी "सौ. वहिनींस सा. न.". अडुसष्टच्या शिमग्याच्या कार्डात, शाईनं, स्वच्छ, "गं. भा. वहिनींस सा. न.". त्याआधीचं "सौ."चं शेवटचं कार्ड सदुसष्टच्या गणपतीचं. मधला डिसेंबर एकच.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. थोरले काका त्यात गेले, हे मला माहीत होतं. पण मोठी आई मला कळायला लागल्यापासून बिनकुंकवाची होती, आणि तिला कधी "सौ." लिहिलं गेलं असेल असं माझ्या मनात आलंच नव्हतं. कार्डावरची तारीख २० डिसेंबर. भूकंपानंतर नवव्या दिवशी आप्पाकाकांनी तिच्यासाठी पहिल्यांदा ही दोन अक्षरं लिहिली.

मी अण्णांना ओळ पुन्हा वाचून दाखवली, या वेळी जशी आहे तशी. ते म्हणाले, "मग वर्ष कशाला शोधतीस? पुढच्या पावसात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. डबा तिथंच भिजला." थोडं थांबून त्यांनी मनिऑर्डरीचं सांगितलं. मोठ्या आईला लिहिता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला. अंगठ्याला साक्षीदार लागतो, म्हणून पोस्टमननं शेजारी उभ्या असलेल्या अण्णांची सही घेतली. ते तेव्हा सतरा वर्षांचे. सरकारी कागदावरची त्यांची ती पहिली सही.

फाइलमध्ये आता असं आहे:

```
हातीं नव्हतें. [गं. भा.] वहिनींच्या नांवानें

टीप : कंसातला मजकूर पाण्यानं पुसला आहे. ४२ नंबरच्या
कार्डावरच्या उलट्या ठशावरून वाचला. आधीचं वाचन
"गंगा" चुकीचं. वर्ष १९६७, "सौ." ते "गं. भा." या
बदलावरून. मनिऑर्डरीला साक्षीदार : अण्णा, त्यांच्या
स्वतःच्या आठवणीनुसार.
```

चुकीचं वाचन मी मुद्दाम टिपेत ठेवलंय. पुढे कुणी मूळ कार्ड हातात घेतलं तर त्यालाही आधी "गंगा"च दिसेल.